फ्रिज आणि कूलरसाठी स्टॅबिलायझर (१३० ते २९० व्होल्ट, ५०० व्हीए): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात हा स्टॅबिलायझर हातात घेतला की बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: किती लिटरच्या फ्रिजला चालतो, आणि किती व्होल्टपर्यंत धरतो. दोन्हींची उत्तरं खोक्यावर छापलेली आहेत. पण खोक्यावरचा आकडा आणि तुमच्या घरचा आकडा जुळतो का, ते खोकं सांगत नाही. खालचे प्रश्न गिऱ्हाइकांनी काउंटरवर आणि फोनवर विचारलेले आहेत.

१३० ते २९० व्होल्ट म्हणजे नेमकं काय?

तुमच्या सॉकेटमध्ये १३० पासून २९० पर्यंत काहीही येत असलं, तरी हा स्टॅबिलायझर पुढे फ्रिजला साधारण २०० ते २४० च्या मधलंच देतो. १३० च्या खाली किंवा २९० च्या वर गेलं की तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही, फ्रिजची लाईट तोडतो. आपल्याकडे घरगुती व्होल्टेज २३० ठरलेलं आहे आणि नियमाने ते सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. तुमच्याकडे बारा महिने तेवढंच येत असेल, तर पैसे वाचवा.

आत एक कॉइल असते, तिला ठराविक जागी टॅप काढलेले असतात. व्होल्टेज पडलं की रिले एक टॅप सोडून दुसरा पकडतो, तोच तो ‘टक’ आवाज. सगळ्यात खालचा टॅप आलेल्या व्होल्टेजला दीडपटीहून थोडं जास्त करतो. १४८ आलं तर पुढे २२९ च्या आसपास जातं. टॅप पायऱ्यांसारखे असल्यामुळे डिस्प्लेवर आउटपुट कधी २०५, कधी २३५ दिसतं. कायम २३० दिसत नाही म्हणून बिघाड समजू नका.

मग ९० पासून चालणाराच का घेऊ नये? आकडा मोठा तेवढा चांगला ना?

घ्या, पण एक प्रश्न विचारून घ्या: ‘९० आल्यावर बाहेर किती निघतं?’ काही खोक्यांवर ‘वर्किंग रेंज’ म्हणून जो आकडा असतो, तो स्टॅबिलायझर चालू राहतो एवढंच सांगतो. त्या टोकाला आउटपुट १६०-१७० च निघत असेल, तर फ्रिजला त्याचा काही उपयोग नाही, उलट त्रासच. म्हणून कामाची रेंज आणि त्या रेंजमधलं आउटपुट हे दोन आकडे नेहमी जोडीने बघायचे. आउटपुट लिहिलेलंच नसेल तर तो माल आम्ही काउंटरवर ठेवत नाही.

घरचं व्होल्टेज कसं बघायचं?

टेस्टरचा दिवा लागला एवढ्यावर जाऊ नका, तो ११० लाही लागतो. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि फ्रिजच्याच सॉकेटमध्ये मोजायला सांगा. दुपारी बारा वाजता मोजून उपयोग नाही. संध्याकाळी सात-साडेसातला घरोघरी दिवे-टीव्ही चालू असतात तेव्हा, गावाकडे असाल तर शेतातल्या मोटारी चालू असतात तेव्हा, आणि एकदा मध्यरात्रीनंतर, अशी तीन वेळा मोजा. मोटारी बंद झाल्या की रात्री हेच व्होल्टेज २५०-२५५ वर चढलेलं दिसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी आकडा किती खाली जातो ते बघा. का, ते पुढे सांगितलं आहे.

५०० व्हीए म्हणजे किती लिटरचा फ्रिज?

लिटर हा अंदाज आहे, खरा हिशोब अँपिअरचा. फ्रिजच्या आतल्या बाजूला किंवा मागे कॉम्प्रेसरजवळ एक छोटी पाटी चिकटवलेली असते, तिच्यावर अँपिअर लिहिलेले असतात. त्याला २३० ने गुणा आणि येईल त्याच्या दुप्पट व्हीए धरा. समजा पाटीवर ०.९ अँपिअर आहे. ०.९ गुणिले २३० म्हणजे २०७, दुप्पट केलं की ४१४. ५०० मध्ये बसलं. पाटीवर १ अँपिअरपर्यंत असेल तोवर हा स्टॅबिलायझर आम्ही देतो. १८०-२०० लिटरचे साधे एका दाराचे फ्रिज यात आरामात येतात, दोन दारांचे लहान फ्रॉस्ट-फ्रीही बहुतेक येतात. पाटीवर १.५ असेल तर हिशोब ६९० वर जातो, तेव्हा एक केव्हीएचा, म्हणजे १००० व्हीएचा घ्या. कपाटासारखे दोन दारं शेजारी-शेजारी असलेले मोठे फ्रिजही तिकडेच.

दुप्पट कशासाठी? कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढतो. शिवाय व्होल्टेज जितकं कमी, तितका कॉइलवर भार जास्त. १४८ चे २२९ करताना स्टॅबिलायझर मागून दीडपट करंट घेतो, तो कुठून तरी यायलाच हवा.

स्टारच्या लेबलवर ‘वर्षाला इतके युनिट’ लिहिलेलं असतं, तो आकडा सांगून काही जण स्टॅबिलायझर मागतात. तो बिलाचा आकडा आहे. सुरू होताना किती ओढतो हे त्यावरून कळत नाही.

व्होल्टेज कमी असताना फ्रिज चालतो तर आहे. बिघडतं काय?

मागे कान लावा. ‘टक’, मग तीन-चार सेकंद जड ‘हूंऽऽ’, पुन्हा ‘टक’ आणि शांतता. दोन-तीन मिनिटांनी परत तेच. आतला दिवा लागलेला असतो, म्हणून वाटतं फ्रिज चालू आहे. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर फिरलेलाच नसतो.

मोटारीची फिरवायची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. २३० चं १६० झालं तर व्होल्टेज तीस टक्क्यांनी कमी झालं, पण ताकद जवळजवळ निम्मी झाली. निम्म्या ताकदीत गॅसच्या दाबाविरुद्ध पिस्टन हलत नाही, मोटार अडकून बसते आणि वाइंडिंग तापतं. ओव्हरलोड नावाचा छोटा तुकडा तापून उघडतो, मोटार सुटते, थंड झाली की परत तोच खेळ. एका रात्रीत काही होत नाही. पण उन्हाळाभर रोज संध्याकाळी दोन तास हेच चाललं, तर वाइंडिंगचं इन्सुलेशन जळत जातं आणि एक दिवस कॉम्प्रेसर बदलायची वेळ येते.

स्टॅबिलायझर लावला, तरी संध्याकाळी फ्रिज बंदच. माल डिफेक्टिव्ह आहे का?

ही तक्रार घेऊन गेल्या उन्हाळ्यात बार्शी तालुक्यातल्या एका वस्तीवरचे काका आले होते. खोकं काउंटरवर आपटलं आणि म्हणाले, “मालक, दिवसा चालतो, सात वाजले की डिस्प्लेवर कमी व्होल्टेजचा एल दाखवून गप. हा बदलून द्या.”

“काका, घरी व्होल्टेज मोजलं होतं का?”

“मोजलंय की. एकशे अठ्ठेचाळीस. तुमच्या खोक्यावर एकशे तीस लिहिलंय.”

बरोबर बोलत होते. आम्ही स्टॅबिलायझर व्हेरिअॅकवर लावला, व्होल्टेज हाताने खाली आणत गेलो. १४८ ला पुढे २२९ मिळत होतं, १३२ लाही चालू होता, १३० च्या खाली तुटला. मालात खोट नव्हती. मग आमचा पोरगा मीटर घेऊन त्यांच्याबरोबर वस्तीवर गेला.

फ्रिज १९० लिटरचा, एका दाराचा, पाटीवर ०.९ अँपिअर. संध्याकाळी सव्वासातला, घरातले पंखे, टीव्ही आणि दिवे चालू असताना सॉकेटमध्ये १४८. स्टॅबिलायझर न लावता फ्रिज सरळ जोडला, तर कॉम्प्रेसरने जोर मारताच आकडा १३९ वर आला आणि तिथेच राहिला, कारण मोटार अडकली होती. १३९ ला ताकद जेमतेम एक तृतीयांशाच्या वर उरते. स्टॅबिलायझर लावल्यावर मात्र गंमत झाली. फ्रिजला पुढे व्होल्टेज जास्त मिळालं, म्हणून त्याने जास्त करंट ओढला. स्टॅबिलायझरने त्याच्याही दीडपट मागून ओढला. त्यामुळे सॉकेटमधला आकडा १३९ वर न थांबता १२९ वर गेला. १३० च्या खाली गेला की तुटायचं, हे तर त्याचं कामच. तुटला, तीन मिनिटं थांबला, परत लागला, परत तुटला.

म्हणजे १४८ मधले १९ व्होल्ट वाटेत गळत होते. सुरुवातीच्या करंटवरून हिशोब केला तर वाटेतला रोध पावणेदोन ओहमच्या पुढे निघत होता. घरच्या वायरिंगला हा फारच झाला. मीटर खांबाजवळच्या पेटीत होता आणि तिथून घरापर्यंत सव्वाशे फूट दीड स्क्वेअरची वायर ओढलेली होती. त्यात दोन जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले. पडवीजवळच्या जोडावरचा टेप सोलला तर आतली तांब्याची वायर काळीठिक्कर आणि टेप कडक झालेला, बिस्किटासारखा तुटत होता.

काकांनी मीटरपासून घरापर्यंत चार स्क्वेअरची वायर ओढून घेतली, मध्ये एकही जोड नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सॉकेटमध्ये १५२ आलं. फक्त चारच व्होल्ट वाढले, कारण डीपीवरूनच तेवढं येत होतं. पण कॉम्प्रेसर सुरू होताना आता आकडा १४६ च्या खाली जाईना. तोच स्टॅबिलायझर, तोच फ्रिज. नवीन खोकं लागलंच नाही.

तेव्हा १३० हा आकडा मोकळ्या सॉकेटचा समजू नका, कॉम्प्रेसर सुरू होतानाचा समजा. मोकळं सॉकेट आणि सुरू होतानाचं सॉकेट यांत १० व्होल्टपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर आधी वायर, जोड आणि मेन स्विच बघा. शेजाऱ्याकडे त्याच वेळेला तुमच्यापेक्षा बरंच जास्त येत असेल, तरीही दोष बहुधा तुमच्याच हद्दीतला. मीटरच्या पलीकडचं, खांबाकडचं काम मात्र वीज कंपनीच्या लाईनमनकडूनच, स्वतः हात घालायचा नाही.

डीपीवरूनच १२० येत असेल तर?

मग हा स्टॅबिलायझर तुमच्यासाठी नाही. खालच्या टोकाला जास्त रेंज असलेला घ्या, आउटपुटचा आकडा विचारून. आणि डीपीवर लोड वाढल्याचा लेखी अर्ज चार-पाच घरांनी मिळून करा. प्रत्येकाने स्टॅबिलायझर लावला की प्रत्येक जण लाईनमधून जास्त करंट ओढतो आणि शेवटच्या घराचं व्होल्टेज आणखी पडतं.

कूलरला लागतो का?

आधी सांगा, कोणता कूलर? आमच्याकडे ‘कूलर’ म्हणून तीन वेगळ्या वस्तूंची चौकशी होते.

वाळ्याचा किंवा हनीकॉम्बचा, पाणी घालायचा हवेचा कूलर असेल, तर खरं सांगायचं तर बहुतेक घरांत गरज नाही. त्यात एक पंख्याची मोटार आणि एक छोटा पंप. दोन्ही मिळून बहुधा १५० ते २५० वॅट. व्होल्टेज कमी झालं तर पंखा हळू फिरतो, बाकी काही नाही. त्याला गॅसचा दाब ढकलायचा नसतो. अडचण झालीच तर पंपाची होते. १५०-१६० ला पंप पाणी वरच्या नळीपर्यंत चढवत नाही, पॅड कोरडे राहतात आणि कूलर गरम वारा मारतो. संध्याकाळी तुमचे पॅड वरून कोरडे आणि टाकीत पाणी भरलेलं असं दिसत असेल, तर स्टॅबिलायझरचा फायदा होईल आणि ५०० व्हीए पुरून उरेल. पंपाची जाळी शेवाळाने भरली तरी हेच दिसतं, म्हणून आधी जाळी धुऊन बघा.

किराणा दुकानातला कोल्ड्रिंकचा काचेचा कूलर, डीप फ्रीजर, पाण्याचा स्टीलचा कूलर?

या तिन्हींत कॉम्प्रेसर असतो, आणि घरच्या फ्रिजपेक्षा मोठा. ५०० व्हीएचा लावू नका. पाटीवर ३ अँपिअर असेल तर वरच्याच हिशोबाने १३८० येतात, म्हणजे दोन केव्हीएचा. काचेच्या कूलरचं दार दिवसभर उघडतं-मिटतं, कॉम्प्रेसर घरच्यापेक्षा जास्त वेळ चालतो, म्हणून तिथे काटकसर करून लहान घेतला तर पहिल्याच मे महिन्यात कॉइलचा वास येतो.

आमचा फ्रिज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा आहे. कंपनी म्हणते स्टॅबिलायझर नको.

कंपनी ज्या रेंजमध्ये ‘नको’ म्हणते, ती रेंज फ्रिजच्या पुस्तिकेत असते. ती बघा आणि तुमचे तीन वेळचे आकडे त्यात बसतात का ते बघा. बसत असतील तर खरंच नको. हे कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतात, साध्यासारखा धक्का मारत नाहीत. आकडे रेंजच्या बाहेर जात असतील तर घ्या, कारण त्या फ्रिजमध्ये बिघडतं ते महागडं कार्ड.

घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरचा याच्याशी संबंध नाही. मात्र चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरच्या पुढे स्टॅबिलायझर जोडू नका, कॉइल घोंघावते आणि तापते.

लाईट आल्यावर तीन मिनिटं फ्रिज सुरू होत नाही.

तसंच ठेवलं आहे. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर एका बाजूला गॅसचा दाब जास्त असतो, तो बारीक नळीतून हळूहळू समान होतो. त्याआधी मोटारीला सुरू करायला लावलं, तर पूर्ण २३० असूनही ती अडकते. लाईट येऊन तीन मिनिटं झाली आणि तरी फ्रिज गप्प असेल, तर थर्मोस्टॅटने थांबवलं असेल. आणखी अर्धा तास वाट बघा, मग फोन करा.

सारखा टक-टक वाजतो.

दिवसातून काही वेळा वाजणं म्हणजे टॅप बदलणं. दर दोन-चार सेकंदांनी वाजत असेल, तर एकतर व्होल्टेज दोन पायऱ्यांच्या बरोबर सीमेवर घुटमळतंय, नाहीतर कुठेतरी जोड ढिला आहे. सॉकेट हाताला गरम लागतंय का बघा. गरम असेल तर मेन बंद करून सॉकेट बदला. रिलेचे पॉइंट अशा टक-टकीतच जळतात, आणि जळालेले पॉइंट आम्ही वॉरंटीत बदलतो तेव्हा आधी सॉकेटचा फोटो मागतो.

न्यूट्रल तुटला तर फ्रिज वाचेल का?

खात्री देत नाही. न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात ३५०, कधी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतं. स्टॅबिलायझर २९० च्या वर पुढची लाईट तोडतो, त्यामुळे बऱ्याचदा फ्रिज सुटतो. पण स्टॅबिलायझर स्वतः त्या व्होल्टेजवरच उभा असतो, आतला ट्रान्सफॉर्मर आणि कार्ड जळू शकतं. गेला तर वॉरंटीत बसत नाही, हे घेतानाच सांगून ठेवतो. तुमच्या भागात हे वारंवार होत असेल, तर मीटरनंतर ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, सगळ्या घराला एकच पुरतो.

त्यावरच मिक्सर किंवा टीव्ही लावला तर चालेल?

टीव्ही नको, मिक्सर तर नकोच. मिक्सर एकटाच बहुधा ५०० वॅट किंवा त्याच्या वर जातो. मल्टिप्लग लावून ‘फक्त मोबाईलचं चार्जर’ जोडणाऱ्यांच्या घरी पुढच्या उन्हाळ्यात त्याच मल्टिप्लगवर इस्त्री निघते, हे आम्ही पाहिलंय.

कुठे लावायचा?

भिंतीवर, दोन्ही बाजूला वीतभर मोकळी जागा सोडून. फ्रिजवर ठेवून वर क्रोशाचा रुमाल टाकू नका, उष्णता वरच्या फटीतूनच बाहेर जाते. सिंकच्या वर किंवा कूलरच्या वाऱ्यासमोर नको. सॉकेटला अर्थिंग हवंच. स्टॅबिलायझर अर्थिंग तयार करत नाही, आलेलं पुढे देतो. फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर स्टॅबिलायझर नव्हे, अर्थिंग करून घ्या.

ऑर्डर देताना काय पाठवू?

फ्रिजच्या पाटीचा फोटो आणि संध्याकाळी सातचे दोन आकडे: कॉम्प्रेसर बंद असतानाचा आणि सुरू होतानाचा. मीटर नसेल तर तसं कळवा. बार्शी शहरात आमचा पोरगा येऊन मोजून देतो, सात वाजल्यानंतरच येतो.